आठाला भागलं तिथेच चूक झाली

शेजारच्या काकांचं किराणा दुकान आहे. त्यांची मुलगी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. पहिल्या सेमचा निकाल लागला त्या संध्याकाळी काका मार्कशीटची प्रिंट हातात घेऊन माझ्याकडे आले. त्यांनी कॅल्क्युलेटरवर आठही विषयांचे श्रेणीगुण मिळवून आठाने भागले होते. उत्तर आलं ८.३८. मार्कशीटवर मात्र एसजीपीए ८.०० छापलेला. "कॉलेजवाल्यांनी पोरीचे गुण खाल्ले," असं त्यांचं ठाम मत होतं.

त्या मार्कशीटवरचा तक्ता असा होता. शेवटचा रकाना छापलेला नव्हता, तो मी पेन्सिलीने घातला.

| विषय | क्रेडिट | श्रेणी | श्रेणीगुण | क्रेडिट × श्रेणीगुण |
|---|---|---|---|---|
| भौतिकशास्त्र | ४ | ए | ८ | ३२ |
| गणित | ४ | बी | ६ | २४ |
| रसायनशास्त्र | ४ | बी प्लस | ७ | २८ |
| प्रात्यक्षिक | २ | ओ | १० | २० |
| इंग्रजी | २ | ए प्लस | ९ | १८ |
| पर्यावरण | २ | ए प्लस | ९ | १८ |
| क्रीडा | २ | ओ | १० | २० |
| भारतीय ज्ञान परंपरा | २ | ए | ८ | १६ |
| एकूण | २२ | | | १७६ |

श्रेणीगुण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहाच्या मोजपट्टीवरचे आहेत. ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, काठावर पास झाल्याचा पी ४, आणि नापास किंवा गैरहजर असेल तर शून्य. किती टक्क्यांना कोणती श्रेणी, हे मात्र प्रत्येक विद्यापीठ आपलं आपण ठरवतं.

काकांना मी त्यांच्याच दुकानातलं गणित घातलं. साठ रुपये किलोचा चार किलो तांदूळ आणि शंभर रुपये किलोचा एक किलो, दोन्ही एकत्र केले तर भाव काय पडेल? काका क्षणभरही न थांबता म्हणाले, "अडुसष्ट." ऐंशी म्हणाले नाहीत. दोन भावांची बेरीज करून दोनाने भागणारा दुकानदार महिन्याभरात दुकान बंद करेल. इथे क्रेडिट म्हणजे किलो आणि श्रेणीगुण म्हणजे भाव. प्रत्येक विषयाचा गुणाकार करायचा, सगळे गुणाकार मिळवायचे आणि विषयांच्या संख्येने न भागता क्रेडिटांच्या बेरजेने भागायचं. १७६ भागिले २२, बरोबर ८.००. मुलीला दोन-दोन क्रेडिटच्या विषयांत नऊ-दहा मिळाले होते आणि चार क्रेडिटच्या विषयांत सहा, सात, आठ. नुसत्या सरासरीत हलक्या विषयांनाही जड विषयांइतकाच मान मिळाला, म्हणून आकडा फुगला.

क्रेडिट येतं कुठून? साधारणपणे सत्रभरात वर्गातली १५ तासांची शिकवणी म्हणजे एक क्रेडिट; प्रयोगशाळेत मात्र एका क्रेडिटसाठी ३० तास घालवावे लागतात. म्हणजे त्या मुलीचं दोन क्रेडिटचं प्रात्यक्षिक आणि चार क्रेडिटचं भौतिकशास्त्र, दोन्ही साठ-साठ तासांचे. पण सरासरीत प्रात्यक्षिकाचं वजन निम्मं. प्रयोगवह्या रात्री जागून पुऱ्या करणाऱ्या पोरांना हा अन्याय वाटतो, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

याच तक्त्यावरून आणखी एक गोष्ट काढता येते. गणितात एक श्रेणी वर मिळाली असती तर गुणाकार चाराने वाढला असता आणि एसजीपीए ०.१८ने. क्रीडेत एक श्रेणी खाली आली असती तर फक्त ०.०९ कमी झाला असता.

हा हिशेब संगणकावरच्या तक्त्यात करायचा तर क्रेडिट बी रकान्यात, श्रेणीगुण डी रकान्यात लिहावेत आणि रिकाम्या चौकोनात हे टाकावं:

```
=SUMPRODUCT(B2:B9,D2:D9)/SUM(B2:B9)
```

यात एक खोच आहे. दुसरीकडून चिकटवलेला आकडा कधीकधी मजकूर म्हणून साठवला जातो. दिसायला तो ८च दिसतो, पण हे सूत्र त्याला शून्य धरतं आणि चूक झाल्याचं सांगतही नाही. असे आकडे बहुधा चौकोनाच्या डाव्या कडेला चिकटलेले दिसतात. खरे आकडे उजवीकडे असतात.

दुसऱ्या सेममध्ये गणिताची केटी लागली आणि काका पुन्हा आले. उरलेल्या १८ क्रेडिटांचे गुणाकार १४४ होते. १८ने भागलं तर आठ येतात, म्हणून काका निर्धास्त होते. पण नापास विषयाचे श्रेणीगुण शून्य झाले तरी त्याची चार क्रेडिटं छेदातून जात नाहीत. १४४ भागिले २२ म्हणजे ६.५५. काही विद्यापीठं तर सगळे विषय सुटेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत, त्या जागी रेघ असते. पुढे मुलीने गणित सी श्रेणीत सोडवलं. चार गुणिले पाच, वीस वाढले. १६४ भागिले २२, ७.४५.

आता सीजीपीए, म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या सत्रांची एकत्रित सरासरी. दोन्ही सेमचे गुणाकार १७६ आणि १६४, मिळून ३४०, क्रेडिटं ४४, उत्तर ७.७३. इथे दोन्ही सत्रांची क्रेडिटं सारखी असल्यामुळे दोन एसजीपीए मिळवून दोनाने भागलं तरी जवळपास तेच येतं. म्हणूनच ही सवय लागते आणि सत्रांची क्रेडिटं कमी-जास्त झाली की फसवते. समजा, १६ क्रेडिटच्या सत्रात ९ आणि २४ क्रेडिटच्या सत्रात ६ मिळाले. अर्धे-अर्धे करून ७.५ येतात, खरं उत्तर १४४ अधिक १४४ भागिले ४०, म्हणजे ७.२. वहीत सरासऱ्या लिहून ठेवण्यापेक्षा दर सत्राच्या दोन बेरजा लिहाव्यात, गुणाकारांची आणि क्रेडिटांची. मग दशांश कुठे कापायचा हा घोळ शेवटच्या भागाकारापुरताच उरतो.

वही अशी ठेवली की उलटा हिशेबही करता येतो. चार सेमनंतर ८८ क्रेडिटांवर सीजीपीए ६.८ असलेला मुलगा म्हणतो, शेवटच्या वर्षी जोर लावून ७.५ करतो. पदवीची एकूण क्रेडिटं १३२ धरली तर त्याला एकूण ९९० गुणाकार हवेत. हातात आहेत ५९८.४. उरलेल्या ४४ क्रेडिटांत ३९१.६ आणायचे, म्हणजे दोन्ही सत्रांत सरासरी ८.९, जवळजवळ प्रत्येक विषयात ए प्लस. सात करायचे असतील तर ७.४ पुरेत.

काकांचा शेवटचा प्रश्न टक्क्यांचा होता, कारण शिष्यवृत्तीच्या अर्जात टक्के मागितले होते. सीबीएसईच्या दहावीच्या जुन्या पद्धतीतला ९.५ने गुणायचा नियम लोकांच्या डोक्यात इतका पक्का बसला आहे की तो पदवीलाही लावला जातो. त्याने ७.७३चे ७३.४ टक्के होतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कोष्टकाप्रमाणे आधी ०.७५ वजा करून मग दहाने गुणायचं, त्याने ६९.८ येतात. एकाच मुलीचे साडेतीन टक्के इकडचे तिकडे. अर्जात जिथे सत्तरची अट असते तिथे एका सूत्राने ती पात्र, दुसऱ्याने अपात्र. आपल्या विद्यापीठाचं सूत्र बहुतेक वेळा मार्कशीटच्या पाठीमागे बारीक अक्षरात छापलेलं असतं. काकांनी आणली होती ती प्रिंट, आणि प्रिंट एकाच बाजूची होती. मूळ मार्कशीट आणायला ते दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले.