टक्का घसरला, पण कुठे?

यूट्यूबवर नवा व्हिडिओ टाकला की पहिल्या दिवशी क्रिएटर खुशीत असतो, आठवड्याने मात्र त्याचा चेहरा उतरतो. यूट्यूब स्टुडिओ उघडल्यावर पहिल्या दिवशी दिसलेला ९ टक्के क्लिक-थ्रू रेट, म्हणजे सीटीआर, आता ४ वर आलेला असतो. मग घाईघाईने थंबनेल बदललं जातं. बरेचदा त्याची गरजच नसते, कारण घसरलेला टक्का एकटाच पाहिलेला असतो आणि शेजारचा इम्प्रेशनचा आकडा नजरेतून सुटलेला असतो.

इम्प्रेशन म्हणजे आपलं थंबनेल कुणाच्या तरी स्क्रीनवर दिसणं. यूट्यूबच्या हिशेबात थंबनेलचा निम्मा तरी भाग एका सेकंदाहून जास्त वेळ दिसला, तरच ते इम्प्रेशन धरलं जातं. अशा शंभर इम्प्रेशनमधून किती वेळा व्हिडिओ पाहिला गेला, तो सीटीआर. त्यामुळे टक्का कितीचा, हे कळल्याशिवाय तो चांगला की वाईट हे ठरवता येत नाही.

भरल्या वांग्याच्या रेसिपीचा एक व्हिडिओ घ्या. आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत. पहिल्या दिवशी ४,००० इम्प्रेशन आणि ९ टक्के सीटीआर, म्हणजे ३६० व्ह्यूज. आठवड्याअखेर एकूण इम्प्रेशन ६०,०००, सीटीआर ४.२ टक्के आणि त्यातून आलेले व्ह्यूज २,५२०. टक्का निम्म्याहून खाली आला, पण व्ह्यूज सातपट झाले. सुरुवातीला थंबनेल दिसलं ते बहुतेक सबस्क्रायबर आणि नेहमीच्या प्रेक्षकांना. त्यांना त्या ताईंचा हात माहीत असतो, ते चटकन क्लिक करतात. पुढे यूट्यूबने तो व्हिडिओ अनोळखी लोकांच्या होम पेजवर नेला. तिथे शेजारी क्रिकेट, मालिका, बातम्या असं सगळंच असतं आणि पाहणारा वांग्यांच्या शोधात नसतो. तिथे टक्का खाली येणारच.

खरं चित्र कळतं ते स्टुडिओतल्या ट्रॅफिक सोर्सच्या तक्त्यात. आपल्या उदाहरणातले ६०,००० असे फोडू: सर्चमधून ६,००० इम्प्रेशन आणि ९ टक्के, चॅनलच्या पानावर व सबस्क्रिप्शनच्या यादीत ४,००० आणि ७ टक्के, होमवर ५०,००० आणि ३.४ टक्के. म्हणजे मुद्दाम ‘भरली वांगी’ शोधणारे आजही तितक्याच हौसेने क्लिक करताहेत. एकूण सरासरी खाली ओढली ती होमवरच्या गर्दीने, आणि २,५२० पैकी १,७०० व्ह्यूज त्याच गर्दीने दिले. अशा वेळी थंबनेलला हात लावणं मला चुकीचं वाटतं. होमवरचाच टक्का त्याच चॅनलच्या आधीच्या व्हिडिओंपेक्षा, तेवढीच इम्प्रेशन असताना, बराच कमी असेल, तर मात्र थंबनेल आणि शीर्षक तपासावं.

यूट्यूब स्वतः सांगतं की निम्मी चॅनल्स आणि व्हिडिओ २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतात. एवढ्या मोठ्या पट्ट्यात दुसऱ्याच्या चॅनलशी तुलना करून हाती काही लागत नाही. शंभराहून कमी व्ह्यूज असलेल्या व्हिडिओत तर हा आकडा आणखी कसाही नाचतो.

उलटा प्रकार जास्त फसवा. सीटीआर ११ टक्के, पण आठवडा झाला तरी इम्प्रेशन ३,००० वर अडकलेली. थंबनेल झकास आहे असं वाटतं. पण व्हिडिओ घरच्या प्रेक्षकांपलीकडे गेलेलाच नाही. विषयच मोजक्यांच्या आवडीचा असू शकतो. नाहीतर लोक क्लिक करून अर्ध्या मिनिटात निघून जात असतील. थंबनेलवर नसलेलं काहीतरी दाखवलं की हेच होतं, आणि ते सरासरी पाहण्याच्या वेळेत, म्हणजे ॲव्हरेज व्ह्यू ड्युरेशनमध्ये, लगेच दिसतं. यूट्यूब व्हिडिओ पुढे नेताना क्लिकबरोबर लोक किती वेळ थांबले हेही पाहतं. म्हणून हे दोन आकडे वाचताना तिसरा हाताशी हवाच.

आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. वरच्या व्हिडिओचे एकूण व्ह्यूज ३,४०० दिसले, तर २,५२० चा हिशेब जुळत नाही. उरलेले ८८० कुठून आले? व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून, नोटिफिकेशनवरून किंवा दुसऱ्या व्हिडिओच्या शेवटी येणाऱ्या एंड स्क्रीनवरून आलेला प्रेक्षक इम्प्रेशनमध्ये मोजलाच जात नाही. कुटुंबांच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मराठी रेसिपीच्या बाबतीत हा वाटा मोठा असू शकतो, आणि त्या लोकांबद्दल सीटीआर काहीच सांगत नाही.

थंबनेल बदलायचंच असेल, तर अंदाजाने बदलण्यापेक्षा स्टुडिओतली चाचणी वापरावी. एकाच व्हिडिओची तीनपर्यंत थंबनेल्स वेगवेगळ्या प्रेक्षकांना एकाच काळात दाखवली जातात, त्यामुळे आधीचे सबस्क्रायबर आणि नंतरचे अनोळखी असा फरक निकालात शिरत नाही. तिथे विजेता ठरतो तो जास्त क्लिक मिळवणारा नव्हे, तर ज्याच्यामुळे पाहण्याच्या वेळेचा मोठा वाटा मिळाला तो.