धनादेशावरील तारीख आणि ‘स्टॉप पेमेंट’ : पुढील तारखेच्या धनादेशांचा व्यवहारिक व कायदेशीर विचार

प्रस्तावना

पुणे-नगर रस्त्यावरील वाघोली हे गाव ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. महाविद्यालये, गृहसंकुले आणि गोदामे यांच्यामुळे येथे भाड्याचे व्यवहार मोठ्या प्रमाणावर होतात. अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार करताना घरमालक पुष्कळदा पुढील तारखांचे धनादेश एकदमच मागून घेतात. त्यांपैकी एखादा धनादेश तारखेआधी बँकेत भरला गेला, फार उशिरा भरला गेला, किंवा देणाऱ्याने मध्येच त्याचे पैसे थांबविले, तर काय होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर मुख्यतः धनादेशावरील तारखेत सापडते.

विवेचनासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वाघोलीतील एका सदनिकेचे मासिक भाडे १८,००० रुपये आहे आणि नोव्हेंबरच्या भाड्याचा धनादेश १० नोव्हेंबर २०२५ या तारखेचा आहे.

१. तारखेपूर्वीची स्थिती

परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ नुसार धनादेश हा मागणी करताच देय असतो. पुढील तारखेचा कागद त्या तारखेपर्यंत मागणीवर देय नसतो. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली असे स्पष्ट केले की, असा कागद लिखित तारखेपर्यंत केवळ विनिमयपत्र असतो व त्या तारखेस तो धनादेश होतो. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात २००१ साली याच भूमिकेचा पुनरुच्चार झाला. धनादेश कोणत्या दिवशी लिहून हाती दिला याला मुदतीच्या गणनेत महत्त्व नाही. गणना कागदावरील तारखेपासून होते.

२. धनादेश लवकर भरल्यास

घरमालकाने आपल्या उदाहरणातील धनादेश ३ नोव्हेंबरलाच भरला असे समजू. भाडेकरूच्या बँकेने तो ‘पोस्ट-डेटेड’ हे कारण लिहून परत करावयास हवा. खात्यात पुरेसे पैसे असले तरीही हेच योग्य ठरते, कारण ग्राहकाचा आदेश १० तारखेपासून अमलात येतो. अशा परतीने धनादेश बाद होत नाही. १० तारखेस किंवा नंतर तो पुन्हा भरता येतो. मात्र या परतीच्या आधारे कलम १३८ खालील फौजदारी तक्रार करता येत नाही.

बँकेने नजरचुकीने ३ तारखेलाच पैसे दिले तर प्रश्न गुंतागुंतीचा होतो. ग्राहकाच्या आदेशाविना पैसे गेल्यामुळे ती रक्कम खात्यावर नावे टाकण्याचा अधिकार बँकेला नसतो. समजा खात्यात २०,००० रुपये होते, त्यांतून १८,००० गेले आणि ५ तारखेला भाडेकरूचा दुसरा ६,००० रुपयांचा धनादेश पैशांअभावी परतला. या परतीला बँकेची चूक कारणीभूत असल्याने कलम ३१ नुसार बँक ग्राहकाच्या नुकसानीस जबाबदार राहते. भाडेकरूने १० तारखेपूर्वी धनादेश थांबविण्याचे ठरविले असेल, तर हा अधिकारही बँकेच्या चुकीने हिरावला जाऊ शकत नाही.

३. धनादेश उशिरा भरल्यास

१ एप्रिल २०१२ पूर्वी धनादेश सहा महिने चालत असे. त्या दिवसापासून रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार ही मुदत तीन महिन्यांवर आली. कलम १३८ मध्ये ‘सहा महिने किंवा धनादेशाची वैधता, यांपैकी जे आधी संपेल ते’ असे शब्द असल्याने फौजदारी तक्रारीसाठीही आता तीन महिनेच धरावे लागतात. आपल्या उदाहरणात फेब्रुवारी २०२६ चा १० वा दिवस उलटल्यावर धनादेश कालबाह्य होतो.

येथे एक सूक्ष्म भेद आहे. नागपूरच्या जयस्वाल्स नेको या कंपनीशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली असे ठरविले की, धनादेश मुदतीत देणाऱ्याच्या बँकेपर्यंत पोचला पाहिजे. घेणाऱ्याने तो आपल्या बँकेत मुदतीत भरला एवढे पुरेसे नाही. आता धनादेशाची प्रतिमा पाठवून समाशोधन होत असल्याने वेळ कमी लागतो, तरीही सुट्टीच्या दिवसांचा विचार करून शेवटच्या दिवसाची वाट न पाहणे हिताचे आहे.

कालबाह्य धनादेशामुळे कर्ज बुडत नाही. घरमालक नवीन धनादेश मागू शकतो किंवा सामान्यतः तीन वर्षांच्या मुदतीत दिवाणी दावा लावू शकतो. गमावते ती या धनादेशावरील फौजदारी तक्रारीची संधी. मात्र कलम ८४ मधील एक धोका ध्यानात ठेवावा. वाजवी वेळेत धनादेश न भरल्यामुळे दरम्यान देणाऱ्याची बँक बुडाली व त्याचे प्रत्यक्ष नुकसान झाले, तर त्या नुकसानीपुरती त्याची जबाबदारी संपते. पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले व २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला, हे पाहता ही तरतूद केवळ पुस्तकी नाही.

४. ‘स्टॉप पेमेंट’ची सूचना

ही सूचना ग्राहकाने बँकेला दिलेली असते. ती देताना खाते क्रमांक, धनादेश क्रमांक, तारीख, रक्कम व घेणाऱ्याचे नाव अचूक लिहावे आणि वेळेच्या नोंदीसह पोच घ्यावी. धनादेश क्रमांकातील एक अंक चुकला तर बँकेची यंत्रणा भलताच धनादेश अडविते. पैसे देऊन झाल्यावर आलेली सूचना निरुपयोगी असते. वेळेत आलेली अचूक सूचना डावलून बँकेने पैसे दिले, तर जबाबदारी बँकेची असते.

ही सूचना बँकेवर बंधनकारक असली, तरी तिने देणाऱ्याचे घेणाऱ्याप्रती असलेले दायित्व मिटत नाही. कलम १३८ च्या शब्दांत खात्यातील अपुरे पैसे हेच कारण आहे. म्हणून पैसे थांबविल्यास गुन्हा होतो का, असा प्रश्न उभा राहिला. भरण्याआधी घेणाऱ्यास कळविले असल्यास गुन्हा नाही, असे १९९६ च्या एका निकालाने सूचित केले होते. १९९८ साली मोदी सिमेंट्स प्रकरणात ते मत नाकारण्यात आले. २००२ साली एम.एम.टी.सी. प्रकरणात न्यायालयाने बचावाची वाटही दाखविली : खात्यात पुरेसे पैसे होते व अन्य वैध कारणास्तव सूचना दिली, हे आरोपीने दाखविल्यास गुन्हा ठरत नाही. मात्र हे दाखविण्याचा भार त्याच्यावरच असतो.

आता दोन भाडेकरूंची तुलना करू. पहिल्याने करारानुसार पूर्वसूचना देऊन ३१ ऑक्टोबरला घर रिकामे केले. घरमालकाने उरलेले धनादेश परत केले नाहीत, म्हणून त्याने सूचना दिली. १० नोव्हेंबरला भाड्याचे देणेच अस्तित्वात नव्हते. मागणी रद्द झालेल्या खरेदीपोटी आगाऊ दिलेल्या पुढील तारखेच्या धनादेशांबाबत २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने असाच विचार करून कलम १३८ लागू होत नाही असे म्हटले. दुसरा भाडेकरू मात्र घरातच राहिला आणि गळतीच्या वादावरून त्याने धनादेश थांबविला. त्याचे देणे उरले होते. कलम १३९ नुसार ते कायद्याने वसूल होण्याजोगे आहे असे गृहीत धरले जाते.

दुसऱ्या प्रकारात घरमालकाने परतीची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर भाडेकरूला १५ दिवस मिळतात. तरीही पैसे न आल्यास त्यापुढील एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे.

निष्कर्ष

तारखेपूर्वी परतलेला धनादेश जिवंत राहतो. मुदतीनंतर परतलेल्या धनादेशामागील कर्ज जिवंत राहते. आणि थांबविलेल्या धनादेशाबाबत त्या दिवशी देणे होते का हा प्रश्न शिल्लक राहतो. म्हणून घर सोडताना भाडेकरूने न वटलेले धनादेश लेखी पोच देऊन परत घ्यावेत. ते मिळाले नाहीत, तर बँकेला सूचना देताना तिचे कारण घरमालकासही लेखी कळवावे आणि त्या दिवशीचा खातेउतारा जपून ठेवावा. या पत्राने खटला टळेलच असे नाही. पण पैसे होते व देणे नव्हते हे दाखविण्याची वेळ आल्यास हेच कागद उपयोगी पडतात.