गळ्याची आतली पट्टी

शिवणकाम या विषयावर एका निवृत्त शिक्षकाने बोलावे, याचे काही जणांस नवल वाटेल. परंतु शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलामुलींना सुईदोरा धरावयास शिकविण्याचे काम माझ्याकडे पुष्कळ वर्षे होते. आणि मुलांना शिकविता शिकविता मीच थोडेबहुत शिकलो. आज एवढाच प्रश्न घेतो की, अंगातल्या कपड्याचा गळा आतून कसा पुरा करावा. संपूर्ण अस्तर लावावे, की केवळ गळ्यापुरती पट्टी लावावी? आणि पट्टी लावली तर ती बाहेर डोकावू नये म्हणून काय करावे?

हा प्रश्न आमच्या घरात एका झग्यामुळे उभा राहिला. हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनाला जावयाचे म्हणून नातीसाठी फिकट पिवळ्या सुती कापडाचा झगा शिवावयास टाकला होता. शिंप्याने हौसेने त्याला आतून पूर्ण अस्तर लाविले, तेही कृत्रिम धाग्याचे. आश्विनातले आमच्याकडील ऊन कसे असते हे सांगावयास नको. घाम न शोषणारे ते अस्तर मुलीच्या पाठीला चिकटले आणि अर्ध्या वाटेतच ती रडकुंडीला आली. पुढे दोन धुण्यांत दुसरा दोष दिसला. सुती कापड आटले, अस्तर आटले नाही, आणि झग्याच्या घेराखाली ते बोटभर लोंबू लागले. समजा, चोवीस इंच लांबीचे सुती कापड शंभरात तीन भाग आटले, तर जवळजवळ पाऊण इंचाचा फरक पडतो. दोन निरनिराळ्या स्वभावांची कापडे गळ्यापासून घेरापर्यंत एकत्र बांधली की असे व्हावयाचेच.

अस्तर वाईट असे माझे म्हणणे नाही. पैठणीच्या काठाचे रेशमी पोलके असेल, कापड विरळ विणीचे असेल, आतून जरीचे धागे टोचत असतील, तर अस्तरच हवे. परंतु घट्ट विणीच्या साध्या सुती कापडाला त्याची गरज नसते. तेथे गळ्याच्या कडेस आधार हवा असतो आणि कापलेली कड झाकावयाची असते. एवढे काम शिंपी ज्याला फेसिंग म्हणतात ती आतली पट्टी करते. ही पट्टी त्याच कापडाची, गळ्याच्याच आकाराची आणि दोन इंच रुंद कापावी. कपड्याचा उभा धागा ज्या दिशेने जातो त्याच दिशेने पट्टीचाही जावा, म्हणजे दोन्ही सारखेच ताणतात आणि सारखेच आटतात. मात्र कापड इतके तलम असेल की पट्टीची कड बाहेरून सावलीसारखी दिसेल, तर दोन इंची पट्टी सोडून अरुंद उरेब पट्टी लावावी.

दुसरा झगा घरीच शिवला. कापड आधी धुऊन घेतले होते. पट्टी लावली, उलटविली, इस्त्री केली. गळा उत्तम दिसला. पण तासाभराच्या खेळानंतर पाहतो तो पट्टीची कड गळ्याभोवती बाहेर डोकावत होती, आणि गळ्यावर जागोजाग बारीक चुण्या उठल्या होत्या. दोष दोन होते, आणि त्यांची कारणेही निरनिराळी होती.

चुण्यांचे कारण भूमितीत आहे. गळा तीन इंच त्रिज्येचे वर्तुळ आहे असे धरा. टिपेच्या आत पाव इंच माया, म्हणजे शिवणीपलीकडे राखलेले कापड, ठेविली आहे. तिची कापलेली कड पावणेतीन इंच त्रिज्येवर आहे. तिची लांबी सुमारे १७.३ इंच भरते. पट्टी आत उलटविली की हीच कड सव्वातीन इंच त्रिज्येवर जाऊन बसली पाहिजे; तेथला परिघ सुमारे २०.४ इंच आहे. म्हणजे कापड तीन इंचांहून अधिक कमी पडते! माया अर्धा इंच ठेविली असती, तर ही तूट दुप्पट झाली असती. म्हणून आधी माया कापून पाव इंचावर आणावी, आणि मग दर अर्ध्या इंचावर कातरीच्या टोकाने बारीक कातरे मारावेत. कातरे टिपेच्या अगदी जवळ जावेत, पण टीप तुटू नये. कातरे उघडले की कमी पडलेली लांबी त्या फटींतून भरून निघते. कातरा आखूड राहिला तर त्या जागी चुणी उठते. टिपेपलीकडे गेला तर गळ्याला भोक पडते.

आता पट्टी बाहेर का येते ते पाहू. इस्त्रीने बसविलेली घडी हालचालीने आणि घामाने सैल होते. आत दुमडलेली माया पुन्हा उभी राहू पाहते आणि कडेला बाहेर ढकलते. पट्टीला आत ओढून धरणारे काहीच नसते. यावर उपाय आतल्या दाबटिपेचा. शिंपी तिला अंडरस्टिच म्हणतात.

तिसऱ्या खेपेस आम्ही ती घातली. गळ्याची टीप, मायेची छाटणी आणि कातरे झाल्यावर पट्टी लगेच आत उलटवू नये. ती कपड्यापासून दूर, वर उघडी ठेवावी आणि मायेचे दोन्ही पदर पट्टीच्या बाजूस वळवावेत. मग पट्टीच्या सुलट्या बाजूवरून, शिवणीपासून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, किंवा त्याहूनही जवळ टीप घालावी. ही टीप पट्टी आणि मायेचे दोन पदर एवढ्यांतूनच जावी. कपड्याचे कापड तिच्यात सापडता कामा नये. डाव्या हाताने कापड बाजूस सारीत आणि बोटांनी मायेचे पदर चाचपीत हळूहळू पुढे जावे. माया आता पट्टीशी बांधली गेली. तिची जी ताकद पूर्वी कड बाहेर ढकलीत होती, तीच आता पट्टीला आत ओढते. पट्टी उलटविली की शिवण काठावर न राहता केसभर आत सरकते, आणि बाहेरून टीप मुळीच दिसत नाही.

या टिपेला मर्यादाही आहे. आमच्या झग्याला मागे बटणाची चीर होती. तिच्या निमुळत्या टोकात यंत्राचा पाय पोहोचत नाही. म्हणून तेथे इंचभर आधीच टीप थांबविली. चौकोनी गळ्याच्या कोपऱ्यांतही असेच करावे. आणि गळ्यावर बाहेरून शोभेची दाबटीप घालावयाची असेल, तर बहुधा आतल्या टिपेची गरज उरत नाही.

पट्टीची खालची कड इंटरलॉक करून, किंवा दुमडून शिवून, खांद्याच्या शिवणीच्या मायेला दोन-चार टाके घालून अडकवावी. सबंध कड कपड्याला टाचू नये. टाचली तर बाहेरून खळगे दिसतात.

तो तिसरा झगा नातीने दोन वर्षे वापरला, आणि आता तो धाकटीच्या अंगावर आहे. परवा मी मुद्दाम गळ्याच्या कडेवरून नख फिरवून पाहिले. पट्टी जागची हललेली नाही.