डोमेनची किल्ली मागताना

देवगडच्या माझ्या मावसभावाने आंब्याच्या धंद्यासाठी वेबसाइट करून घेतली होती. ती करणारा मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे. फोन उचलतो, "बघतो दादा" म्हणतो आणि गप्प होतो. चिडून भावाने मेसेज लिहिला, "लॉगिन-पासवर्ड ताबडतोब पाठव." मी तो पाठवू दिला नाही.

बरेच डेव्हलपर सगळ्या गिऱ्हाइकांची डोमेन रजिस्ट्रारकडच्या एकाच खात्यात ठेवतात. म्हणजे आपण लॉगिन मागतो तेव्हा इतरांच्या दुकानांच्या किल्ल्याही मागत असतो. तो कसा देईल?

आधी आम्ही lookup.icann.org वर डोमेनचं नाव टाकलं. रजिस्ट्रार कोण ते कळलं, मुदत सात आठवड्यांनी संपणार होती आणि clientTransferProhibited असं लिहिलेलं होतं. हे कुलूप नेहमीचंच, पण ते खातेदारालाच काढावं लागतं. मालकाचं नाव मात्र झाकलेलं होतं. मग पत्र लिहिलं:

"नमस्कार. तुझं लॉगिन नको. त्याच रजिस्ट्रारकडे मी खातं उघडलंय, डोमेन त्यात वळतं कर. जमत नसेल तर कुलूप काढून ट्रान्सफर कोड फक्त मला ईमेलने पाठव. मालक म्हणून तुझं नाव असेल तर आत्ता बदलू नकोस, ते नंतर बघू. DNS नोंदींची प्रतही दे. काही पैसे राहिले असतील तर सांग."

नाव बदलू नकोस म्हणायचं कारण असं, की मालकाचा तपशील बदलला तर .com डोमेनला साठ दिवस हलवण्याची बंदी लागू शकते, आणि आमच्या हातात तेवढे दिवस नव्हते. DNS नोंदी मागितल्या त्या ईमेलसाठी. डोमेन हललं तरी जुन्या रजिस्ट्रारची नेमसर्व्हर सेवा बंद होऊ शकते. मग टपाल कुठे पोचवायचं हे सांगणारी MX नोंद नाहीशी होते आणि ऑर्डरची पत्रं परत जातात.

त्याच रात्री कोड आला. नव्या रजिस्ट्रारकडे टाकला तर नाकारला गेला. कोड बरोबर होता, कुलूपच काढायचं राहिलं होतं! दुसऱ्या दिवशी ते निघालं आणि एक वर्षाचे पैसे भरून अर्ज पुढे गेला. ते वर्ष .com च्या मुदतीत जमा होतं, वाया जात नाही. जुन्या रजिस्ट्रारला हरकत घ्यायला पाच दिवस असतात. त्याने हरकत घेतली नाही की डोमेन आपोआप येतं.

मुलगा अडूनच बसला असता तर? नोंदीत मालक म्हणून आपलं नाव असेल तर थेट रजिस्ट्रारकडे मागणी करता येते. कोड आपल्याला काढता येत नसेल, तर मागितल्यापासून पाच दिवसांत तो देणं त्याला बंधनकारक आहे. आमच्या डोमेनवर नाव त्या मुलाचंच निघालं. भावाकडे पुरावा म्हणून होती फक्त त्याला पाठवलेल्या पैशांची बँकेतली नोंद.