‘दॅट’ कुठे गळतो, कुठे अडतो

इंग्रजी बातमीतलं एक साधं वाक्य घ्या. ‘द मेयर सेड ऑन मंडे द ब्रिज वुड बी क्लोज्ड.’ यातून दोन वेगळ्या बातम्या निघतात. महापौर सोमवारी बोलले आणि पूल कधीतरी बंद होणार, ही एक. पूलच सोमवारी बंद होणार, ही दुसरी. मधला ‘दॅट’ गाळल्यामुळे सोमवार नेमका कुणाच्या वाटणीचा ते ठरत नाही. ‘सेड ऑन मंडे दॅट द ब्रिज’ असं लिहिलं की सोमवार महापौरांकडे जातो, ‘सेड दॅट ऑन मंडे द ब्रिज’ लिहिलं की पुलाकडे. अमेरिकी वृत्तपत्रांत प्रमाण मानली जाणारी असोसिएटेड प्रेसची लेखनपुस्तिका म्हणूनच सांगते, की ‘सेड’सारखं क्रियापद आणि पुढचं गौण वाक्य यांच्यामध्ये वार किंवा वेळ आली तर ‘दॅट’ ठेवावा.

आपल्याकडे व्याकरणाच्या तासाला ‘दॅट’ ऐच्छिक आहे एवढंच सांगून विषय संपवतात. कधी गाळायचा हे मात्र सांगायचं राहून जातं. खरं तर इंग्रजी शब्द गाळू देते ते एका अटीवर: जे गेलं त्याची जागा उरलेल्या शब्दांवरून वाचकाला ओळखता आली पाहिजे.

‘ही अ‍ॅडमिटेड ही वॉज राँग’ या वाक्यात ‘दॅट’ नसल्याचं जाणवतही नाही. कारण दुसरा ‘ही’ हे कर्त्याचं रूप आहे. कर्म असतं तर ‘हिम’ आलं असतं. म्हणजे इथून नवं वाक्य सुरू झालं हे त्या एका सर्वनामाने सांगून टाकलं. आता सर्वनामाच्या जागी नाम घाला: ‘द मिनिस्टर अ‍ॅडमिटेड द मिस्टेक वॉज हिज सेक्रेटरीज.’ वाचणाऱ्याची नजर ‘मिस्टेक’पर्यंत जाते तेव्हा मंत्र्यांनी चूक कबूल केली असाच अर्थ लागतो. मग ‘वॉज’ येतं आणि कळतं, की मंत्र्यांनी चूक सचिवावर ढकलली आहे! नामाला कर्त्याचं वेगळं आणि कर्माचं वेगळं रूप नसल्यामुळे हा घोटाळा होतो. लिन फ्रेझियर आणि कीथ रेनर यांनी 1982 साली अशी वाक्यं वाचताना लोकांचे डोळे कसे फिरतात ते नोंदवलं होतं. ‘वॉज’सारख्या उलगडा करणाऱ्या शब्दापाशी नजर जास्त वेळ थांबते, पुष्कळदा मागेही जाते. एका ‘दॅट’ची जागा वाचवायची आणि वाचकाला मागे पाठवायचं, हा सौदा मला तोट्याचा वाटतो.

बातमीदाराने आणखी एके ठिकाणी हात आखडता घेऊ नये. ‘ही सेड द रेन्स वेअर लेट अँड द डॅम वॉज एम्प्टी.’ धरण रिकामं आहे हे कोण म्हणतंय, तो अधिकारी की वार्ताहर? ‘अँड’च्या पुढे ‘दॅट’ घातला की जबाबदारी अधिकाऱ्याच्या गळ्यात पडते. न घातला तर ती वार्ताहरावरही येऊ शकते, आणि उद्या खुलासा मागणारं पत्र आलं तर हा फरक फार मोठा होतो.

नामाला जोडून येणाऱ्या वाक्यातही अट तीच. ‘द बुक आय बॉट इज लॉस्ट’ हे चालतं, कारण ‘बुक’ला लागून ‘आय’ हा नवा कर्ता आला आणि त्याने वाट दाखवली. ‘द मॅन केम येस्टर्डे इज माय अंकल’ मात्र चालत नाही. इथे ‘मॅन’च्या मागोमाग थेट क्रियापद येतं, म्हणून काल माणूस आला एवढ्यावरच वाक्य पुरं झाल्यासारखं वाटतं आणि पुढचं ‘इज’ लोंबकळत राहतं. तिथे ‘हू’ किंवा ‘दॅट’ हवाच. मराठी माणूस इथे हमखास घसरतो, कारण आपण ‘काल आला तो माझा मामा’ असं बेलाशक म्हणतो. आपल्या वाक्यात ‘जो’ गेला तरी ‘तो’ शिल्लक राहतो आणि तोच सांधा पेलतो. इंग्रजी वाक्यात तसा दुसरा खुंटा नाही.

यावरून कर्ता गाळलेला असेल तिथे ‘दॅट’ ठेवावा, असा नियम कुणी बांधला तर प्रश्नार्थक वाक्य तो लगेच मोडतं. ‘हू डू यू थिंक केम?’ हे बरोबर. ‘हू डू यू थिंक दॅट केम?’ हे बहुतेक इंग्रजी भाषकांच्या कानाला खटकतं. विचारलेली व्यक्ती कर्म असेल तर मात्र ‘हू डू यू थिंक शी मेट?’ आणि ‘हू डू यू थिंक दॅट शी मेट?’ दोन्ही खपतात. म्हणजे एके ठिकाणी जो शब्द सक्तीचा, तोच दुसरीकडे सक्तीने काढायचा! नोम चॉम्स्की आणि हॉवर्ड लॅस्निक यांनी 1977 साली या बंदीसाठी स्वतंत्र नियम मांडला. ती का आहे यावर मात्र भाषाशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. शिकणाऱ्याने हे वाक्य कानात बसवून घ्यावं, तर्काने तिथे पोचता येत नाही.

क्रियापद गाळताना शिल्लक राहणारी खूण म्हणजे साहाय्यकारी क्रियापद. ‘जेवलास का?’ या प्रश्नाला आपण ‘जेवलो’ म्हणून मोकळे होतो, कारण कर्ता कोण ते क्रियापदाच्या प्रत्ययातच आहे. इंग्रजीत याच्या बरोबर उलट होतं. मुख्य क्रियापद जातं, कर्ता आणि साहाय्यक राहतात: ‘येस, आय हॅव.’ साहाय्यक मुळात नसेल तर ‘डू’ उसना आणावा लागतो: ‘मीना सिंग्ज, अँड रवी डझ टू.’ एवढंसं ‘टु’ही हे काम करतं. ‘कम विथ अस’ असं कुणी म्हटलं तर ‘आय डोन्ट वॉन्ट टु’ म्हणावं. ते शेवटचं ‘टु’ टाकलं तर वाक्य अर्ध्यावर तुटतं.

गाळलेलं क्रियापद ऐकणाऱ्याने आधीच्या शब्दांवरून भरायचं असतं, आणि त्याचं रूप थोडं बदलावं लागलं तरी इंग्रजी कुरकुरत नाही. ‘द मिल पेड द फार्मर्स लास्ट इयर अँड विल अगेन’ यात ‘पेड’वरून ‘पे’ आपोआप भरलं जातं. पण रिकामी जागा आधी आणि क्रियापद नंतर असेल तर सवलत संपते. ‘द मिल हॅज अँड विल पे द फार्मर्स’ हे वाक्य अहवालांत, भाषणांत सर्रास दिसतं. ‘विल पे’ ठीक, पण ‘हॅज’ला तेच ‘पे’ लावून पाहा: ‘हॅज पे’. तिथे ‘पेड’ हवं होतं आणि ते वाक्यात कुठेच नाही. ‘हॅज पेड अँड विल पे’ असं पुरतं लिहावं. ‘कॅन अँड विल पे’ला हरकत नाही, कारण दोघांना एकच रूप चालतं.

राहिलेला साहाय्यक पूर्ण उच्चारावा लागतो, हेही लक्षात ठेवायला हवं. ‘शी इज टॉलर दॅन आय अ‍ॅम’ म्हणता येतं, त्याच वाक्याच्या शेवटी आखूड ‘आयम’ म्हणता येत नाही. ‘आर यू रेडी?’ याचं उत्तर ‘येस, आय अ‍ॅम’ असंच येतं. नकार देताना मात्र ‘नो, आयम नॉट’ बिनदिक्कत चालतं, कारण तिथे ‘आयम’च्या पाठीशी ‘नॉट’ उभा असतो.