बहात्तर किलोच्या मुलाला किती पॅरासिटामॉल?

अकरा वर्षांचा मुलगा, उंची दीड मीटर, वजन ७२ किलो. रात्री १०२ ताप. आईला धाकटीच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलेला हिशोब पाठ आहे: किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. धाकटी १२ किलोची, तिला १८० मिलिग्रॅम. तोच हिशोब थोरल्याला लावला तर ७२ गुणिले १५, म्हणजे १०८० मिलिग्रॅम. गुणाकार बिनचूक आहे, पण हा डोस धडधाकट मोठ्या माणसाच्या कमाल डोसापेक्षाही जास्त झाला. मोठ्यांना एका वेळी जास्तीत जास्त १००० मिलिग्रॅम आणि चोवीस तासांत ४००० मिलिग्रॅम, म्हणजे ४ ग्रॅम, अशी मर्यादा आहे. बाप जेवढे घेऊ शकत नाही तेवढे मुलाला द्यायचे नसते, मग वजनकाटा काहीही सांगो.

चूक आईची नाही. किलोमागचा हिशोब लहान मुलांसाठीच केलेला असतो. लहान मुलाचे यकृत त्याच्या वजनाच्या मानाने मोठे असते आणि औषध झपाट्याने निकामी करते. म्हणून किलोमागे पाहिले तर लहानग्यांना मोठ्यांपेक्षा जास्त औषध लागते. मूल वाढते तसे यकृतही वाढते, पण वजनाच्या वेगाने नाही. वजन दुप्पट झाले म्हणून औषध निकामी करण्याची ताकद दुप्पट होत नाही. तरी आपण सरळ गुणत गेलो, तर कधीतरी उत्तर गरजेच्या वर जाणारच. पॅरासिटामॉलच्या बाबतीत १५ मिलिग्रॅमच्या हिशोबाने ही रेघ ६७ किलोच्या आसपास ओलांडली जाते. पूर्वी एवढ्या वजनाची मुले क्वचित दिसत, म्हणून हा प्रश्न फारसा येत नसे. आता पाचवी-सहावीच्या वर्गातही ती दिसतात.

मर्यादा एक नाही, दोन आहेत आणि दुसरी नेहमी विसरली जाते. ५८ किलोची मुलगी घ्या. ५८ गुणिले १५ म्हणजे ८७० मिलिग्रॅम. एका वेळच्या १००० च्या आत आहे, म्हणून सगळे निर्धास्त. पण ताप उतरत नाही म्हणून दर चार-पाच तासांनी देत दिवसात पाच वेळा दिले, तर बेरीज ४३५० मिलिग्रॅम होते. प्रत्येक डोस ठीक आणि दिवस मात्र चुकलेला. म्हणून आधी एका डोसाचा आकडा काढून तो १००० शी ताडायचा, मग दिवसातल्या सगळ्या डोसांची बेरीज करून ती ४००० शी ताडायची आणि दोन्हींत जे आधी अडेल तिथे थांबायचे. दोन डोसांत सहा तासांचे अंतर ठेवून दिवसाला चारच डोस दिले, तर दुसरी मर्यादा सहसा आपोआप सांभाळली जाते.

पहिल्या मुलाकडे परत येऊ. १०८० चे १००० केले, म्हणजे काम झाले का? माझ्या मते नाही, आणि इथेच बहुतेक जण घाईने थांबतात. कमाल डोस म्हणजे याच्या वर जाऊ नका एवढेच, इथपर्यंत जायलाच हवे असे नाही. या मुलाच्या ७२ किलोंतला मोठा भाग चरबीचा आहे. पॅरासिटामॉल चरबीत फारसे पसरत नाही आणि चरबी ते निकामीही करत नाही. शिवाय स्थूल मुलांच्या यकृतात बरेचदा चरबी साठलेली असते. म्हणून डॉक्टर अशा मुलाचे उंचीला शोभेल असे वजन काढतात. दीड मीटर उंचीचा वर्ग २.२५, त्याला या वयाच्या मुलाच्या साधारण बीएमआयने, म्हणजे सुमारे १७ ने गुणले की ३८ किलो येतात. त्याचे १५ च्या हिशोबाने ५७० मिलिग्रॅम. व्यवहारात अशा मुलाला ५०० ची किंवा ६५० ची एक गोळी, सहा तासांच्या अंतराने, हा पुरेसा आणि समजूतदार डोस ठरतो. त्यातली कोणती, हे डॉक्टरांनी ठरवावे. ब्रिटनच्या मुलांच्या औषधसूचीत तर १२ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी एका वेळचा डोस वयावरूनच ४८० ते ७५० मिलिग्रॅम दिला आहे. पाठीवर हजाराचा आकडा घेऊन फिरायची गरज नाही.

उंच मुलाची गोष्ट वेगळी आहे. १४ वर्षांचा, १७८ सेंटिमीटर उंचीचा, ७० किलोचा कबड्डीपटू. अंगात चरबी नाही, उंचीला वजन शोभते, त्यामुळे वजन खाली आणण्याचा प्रश्न येत नाही. १०५० चा आकडा आला की तो १००० वर कापायचा, एवढेच. त्यालाही आधी ६५० ची एक गोळी देऊन बघायला हरकत नसते.

घरात चूक ओळखायची सोपी खूण बाटलीतच असते. बाजारात एक सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचे आणि दुसरे २५० मिलिग्रॅमचे मिळते. १०८० मिलिग्रॅमसाठी पहिल्यातले ४५ मिलिलिटर ओतावे लागेल, म्हणजे ६० मिलिलिटरच्या बाटलीचा पाऊण भाग. एका डोसाला एवढे औषध लागायला लागले की हात थांबवायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा. हिशोब मिलिग्रॅममध्येच पुरा करावा, मर्यादा तिथेच लावावी आणि मगच मिलिलिटर किंवा गोळ्या मोजाव्यात. उलटे केले की मर्यादा नजरेआड होते. सर्दीच्या बहुतेक गोळ्या-सिरपांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते, तेही बेरजेत धरावे.

हा नियम सगळ्या औषधांना डोळे झाकून लावू नये. अ‍ॅलर्जीच्या झटक्यात मांडीत टोचायच्या अ‍ॅड्रेनालिनला तो चालतो: किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, पण कमाल ०.५, म्हणून ७२ किलोला ०.७२ नाही. मात्र व्हॅन्कोमायसिनसारखे अँटिबायोटिक मोठ्यांनाही वजनावरच देतात आणि रक्तातले प्रमाण मोजून पुढचा डोस ठरवतात. तिथे मोठ्यांचा नेहमीचा डोस हीच मर्यादा मानली, तर भारी वजनाच्या मुलाला औषध कमी पडून जंतू टिकून राहू शकतात. म्हणून चिठ्ठीवर किलोमागचा आकडा असेल तर त्याच्या शेजारी ‘एका वेळी कमाल’ आणि ‘दिवसात कमाल’ लिहून मागण्यात संकोच करू नये.

डोस खरोखरच जास्त गेला, तर लक्षणांची वाट पाहू नये. पॅरासिटामॉलच्या अतिडोसानंतर पहिल्या दिवशी थोडी मळमळ किंवा उलटी होते, काहींना तेवढेही होत नाही. यकृताची इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होते. त्यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि औषध पोटात गेल्यापासून आठ तासांच्या आत तो सुरू झाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. रुग्णालयात जाताना सगळ्या बाटल्या आणि गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत आणि कोणता डोस किती वाजता दिला, ते कागदावर लिहून न्यावे.