दाट मजकुराच्या स्लाइडांवरून दहा मिनिटांच्या भाषणाचे टिपण

संशोधन-परिषदेत निबंधवाचनास बहुधा दहा मिनिटे मिळतात. त्यासाठी विभागाच्या सामायिक संचिकेत चढविलेले सादरीकरण मात्र पुष्कळदा निबंधच स्लाइडांत कापून घातल्यासारखे असते. बारा स्लाइडा आणि प्रत्येकीवर नव्वद शब्द धरले तरी एकूण मजकूर सुमारे अकराशे शब्दांचा होतो. मराठीत सावकाश बोलणारा वक्ता मिनिटास साधारण एकशेदहा शब्द उच्चारतो. म्हणजे केवळ वाचनातच सर्व वेळ संपतो, आणि श्रोत्यांनी तर तोच मजकूर डोळ्यांनी आधीच वाचून टाकलेला असतो. म्हणून स्लाइडांचा संक्षेप करून वक्त्यासाठी टिपणे तयार करावी लागतात. या संक्षेपात प्रथम काय गळून पडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पहिले काम निवडीचे. एक मिनिट राखून ठेवले असता नऊ मिनिटे उरतात. दर स्लाइडीस दीड मिनिट दिल्यास सहा स्लाइडा मावतात. उरलेल्या सहा टाकून न देता शेवटी परिशिष्टादाखल ठेवाव्यात. प्रश्नोत्तरांत त्या उपयोगी पडतात.

दुसरे काम मजकूर काळजीपूर्वक उतरवून घेण्याचे. संचिकेतून मजकूर यांत्रिक रीतीने काढला तर चित्ररूपाने चिकटविलेले तक्ते त्यात येत नाहीत. शिवाय निरनिराळ्या चौकटींतील वाक्ये पडद्यावर दिसतात त्याच क्रमाने येतील, याचीही शाश्वती नसते. तळटीपेतील अपवाद अशा वेळी भलत्याच वाक्याला जाऊन चिकटतो. म्हणून प्रत्येक स्लाइड डोळ्यांपुढे ठेवूनच तिचे टिपण करावे.

आता एक उदाहरण पाहू. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासावरील एका स्लाइडीवर पुढील मजकूर आहे, असे समजा :

“लंडनच्या सोहो भागात ऑगस्ट १८५४ च्या अखेरीस पटकीची तीव्र साथ उद्भवली व दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी चौकशी केली असता बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या आसपास झाल्याचे आढळले. जवळच्या दरिद्रगृहातील ५३५ रहिवाशांपैकी केवळ ५ पटकीने मरण पावले. तेथे स्वतंत्र विहीर होती. स्नो यांच्या सूचनेवरून स्थानिक मंडळाने ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढविला. तथापि लोक भाग सोडून गेल्यामुळे साथ तत्पूर्वीच ओसरू लागली होती, असे स्वतः स्नो यांनीच नमूद केले आहे.”

घाईने केलेला संक्षेप असा होतो : “स्नोने पंपाचा दांडा काढला व साथ थांबली.” वाक्य सुटसुटीत आहे, लक्षात राहण्याजोगे आहे आणि चुकीचे आहे. दांडा स्नो यांनी स्वतः काढला नाही, आणि साथ त्यामुळेच थांबली असेही म्हणता येत नाही. मूळ मजकुरातील ‘तथापि’ने सुरू होणारे वाक्य गळताच कालानुक्रमाचा कार्यकारणभाव झाला. संक्षेपात पहिला बळी पडतो तो मर्यादा सांगणाऱ्या वाक्याचाच. कारण ते शेवटी असते आणि विधानाचा ठसा सौम्य करते. अभ्यासू श्रोत्याचा पहिला प्रश्न मात्र नेमका तेथेच येतो.

याकरिता टिपणात चार ओळी ठराविक ठेवाव्यात :

विधान : पटकी पाण्यावाटे पसरते, याचा पुरावा मृत्यूंच्या स्थानांत आहे.
आधार : दरिद्रगृह, ५३५ पैकी ५; स्वतंत्र विहीर.
मर्यादा : दांडा ८ सप्टेंबरला निघाला, साथ आधीच ओसरत होती.
दुवा : मग हे मत त्या काळी सर्वांनी का मानले नाही?

विधान व दुवा ही पूर्ण वाक्ये आहेत. कारण वक्ता अडखळतो तो प्रारंभी आणि एका स्लाइडीवरून दुसरीवर जाताना. मधल्या दोन ओळी तुटक आहेत. त्या पूर्ण लिहिल्या तर वक्ता पुन्हा वाचूच लागतो. पडद्यावर आता पंपाभोवतीचा नकाशा आणि ‘५३५ पैकी ५’ हा आकडा, एवढेच पुरे.

टिपणाची कसोटी सोपी आहे. पडदा झाकून केवळ टिपणावरून, घड्याळ लावून मोठ्याने बोलावे. स्लाइडीकडे पाहावेसे वाटले तर आधाराची ओळ अपुरी आहे. दीड मिनिट उलटले तर एका स्लाइडीत दोन विधाने शिरली आहेत. त्यांतील एक परिशिष्टात न्यावे. वेळ कमी पडतो म्हणून मर्यादेची ओळ मात्र खोडू नये. त्याऐवजी आधाराचे एखादे उदाहरण कमी करावे.

एक व्यावहारिक सूचना. स्लाइडीखालच्या रकान्यात लिहिलेली टिपणे मूळ संचिकेबरोबरच जातात. ती संचिका इतरांस पाठविण्यापूर्वी तेथील खाजगी शेरे काढून टाकावेत. मर्यादेची ओळ राहिली तर मात्र हरकत नाही.